मूट: नोकरीचा करार बेकायदा संपवल्याचं अपील. अपीलकर्तीच्या वकिलाने सुरुवात कशी करावी?

तिसरंवर्ष

मराठी अभिरूप न्यायालय स्पर्धेसाठी अपीलकर्तीची बाजू मिळाली आहे. मी पहिली वक्ता. प्रश्नपत्रिकेतली हकीकत थोडक्यात अशी:

अपीलकर्ती एका खासगी कंपनीत विभागप्रमुख, पगार महिना 1,20,000 रुपये. ती कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. कराराची अट 9 म्हणते, कंपनी हा करार (क) तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन, किंवा (ख) नोटिशीऐवजी तीन महिन्यांचा पगार देऊन संपवू शकते. अट 12 प्रमाणे वर्षाचा बोनस 6,00,000 रुपये, तो 31 मार्चला देय होतो.

16 जानेवारीला ईमेल आला: 'आपली सेवा आजपासून समाप्त.' पैसे काहीच दिले नाहीत. 20 जानेवारीला तिने उलट कळवलं की मला हे मान्य नाही, मी कामाला तयार आहे. 28 जानेवारीला कंपनीने एका महिन्याचा पगार खात्यात टाकला. 25 फेब्रुवारीला तिने कळवलं की नुकसान कमी करण्यासाठी, हक्क न सोडता, अर्धवेळ सल्लागाराचं काम घेते आहे. ते काम 1 मार्चला सुरू झालं, महिना 40,000. 10 एप्रिलला तिने लिहिलं की आता मीच करार संपुष्टात आणते.

खालच्या कोर्टाने परिच्छेद 14 मध्ये म्हटलं की ईमेल बेकायदा होता, पण त्याने करार 16 जानेवारीलाच आपोआप संपला. म्हणून तीन महिन्यांचा पगार वजा दिलेला एक महिना, म्हणजे 2,40,000 रुपये मंजूर आणि बोनस नामंजूर. अपील आमचं आहे. कंपनीने उलट हरकत घेतलेली नाही.

मी लिहिलेली सुरुवात अशी आहे:

'माननीय न्यायालयासमोर आज एका अशा महिलेचा प्रश्न आहे, जिने कंपनीसाठी अहोरात्र कष्ट केले. एका ईमेलने तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. ही कृती मनमानी, अन्यायकारक आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांना हरताळ फासणारी आहे...'

यानंतर पूर्ण हकीकत तारखांसह, मग चार मुद्दे. वाचायला साडेचार मिनिटं लागतात. माझ्याकडे 12 मिनिटं आहेत, सहकाऱ्याकडे 10, आणि 3 रिबटलला राखीव. काय कापू?

रोखठोक

नैसर्गिक न्याय खासगी करारात लागत नाही, तो मुद्दा पहिल्यांदा काढ. सरळ पुनर्नियुक्ती आणि पूर्ण मागील वेतन माग. दीपाली गुंडू सुरवसे, 2013, सर्वोच्च न्यायालय. बेकायदा काढलं की मागील वेतन हा नियमच आहे तिथे.

जुनाखटला

पहिलं वाक्य बरोबर, पुढचं नाही. दीपाली सुरवसे प्रकरण शाळेतल्या शिक्षिकेचं होतं आणि खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. सेवेचं संरक्षण त्या कायद्यातून आलं होतं. इथे तसा कायदा नाही, आहे फक्त करार. नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने चालू ठेवायला लावत नाही, या नियमाला वैश्य डिग्री कॉलेज, 1976, यात सर्वोच्च न्यायालयाने तीनच अपवाद मोजून सांगितले आहेत: घटनेच्या अनुच्छेद 311 खालचा सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखालचा कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने तो कायदाच मोडणं. तुमची अपीलकर्ती तिन्हींत बसत नाही. पुनर्नियुक्ती मागितलीत तर पहिले पाच प्रश्न त्यावरच येतील आणि बोनसपर्यंत तुम्ही पोचणारच नाही.

@तिसरंवर्ष, तुमच्या मसुद्याची खरी अडचण लांबी नाही. हे अपील आहे आणि तुम्ही दावा चालवल्यासारखी सुरुवात केली आहे. कंपनीने करार मोडला हे खालच्या कोर्टानेच म्हटलंय आणि कंपनीने त्याला आव्हान दिलेलं नाही. मग 'अन्यायकारक, मनमानी' कुणाला पटवताय? जिंकलेला मुद्दा पुन्हा लढवू नका. सुरुवातीत न्यायाधीशांना एवढंच कळायला हवं की परिच्छेद 14 मध्ये चूक काय आहे आणि ती दुरुस्त केली तर किती रुपयांचा फरक पडतो.

सगळी हकीकत वाचून मला एकच गोष्ट वादात दिसते, ती म्हणजे करार संपल्याची तारीख. 16 जानेवारी की 10 एप्रिल? मध्ये 31 मार्च येतो. सहा लाख रुपये त्या एका तारखेवर टांगलेले आहेत. तुमच्या मसुद्यात 31 मार्च दिसतच नाही!

प्रवासी77

मलाही गेल्या वर्षी असाच ईमेल करून काढलं. माझ्या करारात नोटीस एक महिन्याची आहे, पैसे दिले नाहीत. मी बोनस मागू शकतो का?

घंटा

@प्रवासी77, इथे मूटची चर्चा चालू आहे. तुमचा करार बघितल्याशिवाय कुणी काही सांगणं बरं नाही, आणि दावा लावायला मुदत असते. नेमणूकपत्र घेऊन वकिलाला भेटा.

@तिसरंवर्ष, मी अशा स्पर्धांत वेळ धरायला बसते, म्हणून दोन बारीकसारीक गोष्टी. कराराच्या अटींना 'अट' म्हणा आणि अधिनियमाच्या तरतुदींना 'कलम'. दोन्हींना 'कलम' म्हटलं की 'कलम 12 म्हणजे कुठलं?' हा प्रश्न हमखास येतो आणि अर्धं मिनिट जातं. दुसरं, सुरुवात दोन मिनिटांच्या आत संपवा. खंडपीठ साधारण तेवढंच गप्प बसतं. साडेचार मिनिटांची सुरुवात मधेच तुटते, आणि मागणी शेवटी ठेवली असेल तर ती सांगायचीच राहते.

रोखठोक

ठीक, पुनर्नियुक्ती सोडली. पण मग एवढं अवघड कशाला करताय? 16 जानेवारीला रीतसर नोटीस दिली असती तर तीन महिने 16 एप्रिलला भरले असते. 31 मार्च त्याच्या आत. म्हणजे करार पाळला असता तर बोनस मिळाला असता. करार अधिनियम कलम 73, नुकसानभरपाई, विषय संपला. करार कधी संपला याच्याशी देणंघेणंच नाही.

उलटतपासणी

मी उत्तरवादीच्या बाजूने उभी राहिले तर मला हाच युक्तिवाद आवडेल. अट 9 (ख) वाचलीत का? कंपनीपुढे दोन कायदेशीर रस्ते होते. दुसरा असा की 3,60,000 रुपये द्या आणि त्याच दिवशी करार संपवा. नुकसानभरपाई मोजताना कंपनीने करार स्वतःला सर्वांत कमी खर्चाच्या रीतीने पाळला असता असं धरतात. तो रस्ता (ख) चा. मग करार 16 जानेवारीलाच संपतो, बोनस शून्य, आणि खालच्या कोर्टाचा 2,40,000 चा आकडा तंतोतंत बरोबर ठरतो.

जुनाखटला

बरोबर. या मूटमधला सापळा हाच आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने लॅव्हरॅक विरुद्ध वुड्स ऑफ कोलचेस्टर, 1967, मध्ये हे तत्त्व मांडलं, तेही बोनसच्याच संदर्भात. आणि आपल्याकडे एस. एस. शेट्टी विरुद्ध भारत निधी, एआयआर 1958 सर्वोच्च न्यायालय 12, नोटिशीच्या काळाचा पगार हेच माप सांगतो. रोखठोक यांचा मुद्दा पर्यायी म्हणून ठेवा. तो पहिला मांडलात तर तुम्ही स्वतःच 16 जानेवारी मान्य केल्यासारखं होईल.

मुख्य दार कलम 39 चं. त्याचा मजकूर नीट बघा. एका पक्षाने आपलं वचन संपूर्णपणे पाळायला नकार दिला, तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो. मात्र करार चालू ठेवायला त्याने शब्दाने किंवा वागण्याने संमती दाखवली असेल तर नाही. 'संपवू शकतो' म्हणजे संपवण्याचा अधिकार निर्दोष बाजूकडे आहे. मोडणाऱ्याने मोडलं म्हणून करार आपोआप मरत नाही. परिच्छेद 14 मधली चूक ही.

यावर बेंच म्हणेल, नोकरीचा करार वेगळा, तो व्यक्तीशी बांधलेला असतो. तेव्हा कलम 39 खालचंच उदाहरण काढा. नाट्यगृहाचा व्यवस्थापक आणि एक गायिका. दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री, दर रात्री 100 रुपये. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही. व्यवस्थापक करार संपवू शकतो. पण सातव्या रात्री त्याच्या संमतीने ती गायली, तर त्याला करार संपवता येत नाही, फक्त सहाव्या रात्रीची भरपाई मिळते. कायदा करणाऱ्यांनी कलम समजावायला व्यक्तिगत सेवेचाच करार निवडला. यापेक्षा नेमकं उत्तर शोधून सापडणार नाही.

तिसरा आधार म्हणून गीस विरुद्ध सोसिएते जनराल, यूके सर्वोच्च न्यायालय, 2012. तिथेही बँकेने कर्मचाऱ्याला तडकाफडकी काढलं, नोटिशीऐवजी पैशांची तरतूद होती, आणि करार 31 डिसेंबर 2007 नंतर संपला तर रक्कम मोठी होणार होती. बहुमताने ठरलं की नोकरीच्या करारातही नकाराने करार आपोआप संपत नाही, दुसऱ्या बाजूने तो स्वीकारावा लागतो. पण लॉर्ड सम्प्शन यांचं मत विरुद्ध होतं आणि हा निवाडा आपल्यावर बंधनकारक नाही. दोन्ही गोष्टी तुम्हीच आधी सांगा. बेंचने काढून दाखवल्या तर त्याच गोष्टी जड जातात.

उलटतपासणी

मग मी विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 14 काढणार. व्यक्तिगत पात्रतेवर अवलंबून असलेला करार कोर्ट अमलात आणायला लावत नाही. जो करार अमलात आणता येत नाही तो 'जिवंत' आहे म्हणणं म्हणजे मागच्या दाराने पुनर्नियुक्तीच.

जुनाखटला

कलम 14 उपाय अडवतं. करार कधी संपला हे ते सांगत नाही. आम्ही कोर्टाला कुणाला कामावर घ्यायला सांगत नाही, 10 एप्रिलला संपलेल्या कराराखाली 31 मार्चला देय झालेली रक्कम मागतो आहोत. एवढंच उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. म्हणूनच 'अपीलकर्ती नोकरी परत मागत नाही' हे वाक्य सुरुवातीतच हवं.

तिसरंवर्ष

खूप मदत झाली. पण आमच्या सरांनी विचारलं की बोनस 'सेवेत असलेल्यांना' मिळतो, आणि करार जिवंत असला तरी ती सेवेत कुठे होती? मला उत्तर आलं नाही.

घंटा

अट 12 चे नेमके शब्द काय आहेत? तुम्ही वर दिलेले नाहीत.

तिसरंवर्ष

'31 मार्च रोजी हा करार चालू असल्यास.'

जुनाखटला

मग 'सेवेत' हा शब्द तुमच्या सरांनी घातला, करारात तो नाही. हा फरक किरकोळ समजू नका. 'प्रत्यक्ष सेवेत असल्यास' असं लिहिलं असतं तर करार कागदावर जिवंत असूनही सेवेचं नातं तुटलं, असा युक्तिवाद उत्तरवादीला करता आला असता आणि तो वजनदार ठरला असता. सुरुवातीत अट 12 चे हे शब्द जसेच्या तसे वाचा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका.

अट 9 (ख) चंही तसंच. 'तीन महिन्यांचा पगार देऊन संपवू शकते.' 'देऊन' हा शब्द आहे. 'देऊन' म्हणजे देणं आधी, संपवणं नंतर. 'देण्याचं कबूल करून' असं तिथे म्हटलेलं नाही. कंपनीने 16 जानेवारीला काही दिलं नाही, 28 ला दिलं ते तिसरा हिस्सा. म्हणजे (क) पाळलं नाही, (ख) ही पाळलं नाही. 28 जानेवारीला पूर्ण 3,60,000 जमा होऊन तसं कळवलं असतं, तर करार तेव्हाच संपला असता आणि हे अपील उभंच राहिलं नसतं. बेंचने विचारलं तर हे मोकळेपणाने कबूल करा.

उलटतपासणी

आता माझा आवडता प्रश्न. 1 मार्चला तिने दुसरीकडे काम धरलं. करार जिवंत होता तर दुसरं काम कसं केलं? आणि करार संपल्याचं मानून केलं असेल, तर तिने कंपनीचा नकार वागण्यातून 1 मार्चलाच स्वीकारला. तोही 31 मार्चच्या आधी. दोन्हीकडून बोनस गेला.

रोखठोक

हा मात्र खतरनाक आहे.

जुनाखटला

हा प्रश्न येणारच, आणि त्याला पक्कं उत्तर नाही. 25 फेब्रुवारीचं पत्र त्यासाठीच हकीकतीत पेरलेलं आहे. कलम 39 म्हणतं 'शब्दाने किंवा वागण्याने'. तिने शब्दाने करार चालू ठेवला होता, आणि काम धरलं ते हक्क राखून, अर्धवेळ. कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते ते भरपाई ठरवताना लक्षात घेतले जातात. कायद्याच्या त्याच अपेक्षेप्रमाणे वागलं म्हणून हक्क बुडाला, असं धरता येणार नाही. हे काम पूर्णवेळ असतं तर मी हा मुद्दा हरलेला समजलो असतो.

उलटतपासणी

मला अजून पटत नाही. पत्र स्वतःच लिहायचं आणि वागणं उलट करायचं, असं असेल तर करार महिनोन्‌महिने ताणता येईल. बोनसची तारीख उलटेपर्यंत थांबून 10 एप्रिलला करार संपवणं हे फार सोयीचं दिसतं. मी बेंचवर असते तर इथेच अडले असते.

जुनाखटला

अडालच. गीसमध्ये सम्प्शन यांना खटकलेल्या गोष्टींपैकी ही एक: काम नाही, पगार नाही, आणि करार मात्र नावापुरता चालू. यावर मत दुभंगतं. म्हणून हा मुद्दा सुरुवातीत आणायचा नाही, पण त्याचं उत्तर दुसऱ्या मिनिटापासून तयार हवं.

मी अशी सुरुवात करीन:

'माननीय न्यायमूर्ती, मी अपीलकर्तीच्या वतीने पहिली बारा मिनिटं घेईन. माझे सहकारी भरपाईच्या रकमेवर बोलतील.

या अपिलात एक तारीख वादात आहे. खालच्या न्यायालयाने करार 16 जानेवारीला संपला असं धरलं. आमच्या मते तो 10 एप्रिलला संपला. मधे 31 मार्च येतो, आणि अट 12 च्या शब्दांत, "31 मार्च रोजी हा करार चालू असल्यास" सहा लाख रुपये देय होतात.

कंपनीने करार मोडला हा निष्कर्ष अंतिम आहे. अपीलकर्ती नोकरी परत मागत नाही.

परिच्छेद 14 मध्ये न्यायालय म्हणतं, ईमेल पाठवताच करार आपोआप संपला. यात दोन चुका आहेत. पहिली कराराच्या वाचनाची. अट 9 प्रमाणे कंपनी करार नोटीस देऊन किंवा तीन महिन्यांचा पगार देऊन संपवू शकत होती. तिने दोन्ही केलं नाही. दुसरी कायद्याची. करार अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे नकारानंतर करार संपवायचा की नाही हे निर्दोष बाजूने ठरवायचं असतं. अपीलकर्तीने 20 जानेवारीला तो चालू ठेवला आणि 10 एप्रिलला संपवला.

म्हणून 2,40,000 च्या हुकुमात बोनसचे 6,00,000 मिळवून एकूण 8,40,000 रुपयांचा हुकूम व्हावा, अशी विनंती आहे. परवानगी असेल तर मी पहिल्या मुद्द्याकडे वळते.'

घंटा

मोठ्याने वाचून पाहिलं, दीड मिनिटाच्या आसपास. नवख्या वक्त्याला पावणेदोन धरा. 'परवानगी असेल तर' नंतर खरंच थांबा. बरेच जण परवानगी मागतात आणि तिची वाट न बघता बोलत राहतात, ते फार वाईट दिसतं. आणि अट 9 व 12, 20 जानेवारीचं उत्तर, परिच्छेद 14 यांना आधीच खुणेच्या चिठ्ठ्या लावा. 'मेमोरियलमध्ये कुठे?' म्हटल्यावर पान क्रमांक एका श्वासात आला पाहिजे.

रोखठोक

8,40,000 का? करार 10 एप्रिलपर्यंत चालू होता, तर त्यानंतर पुन्हा तीन महिन्यांची नोटीस देय. तेही मागा की.

जुनाखटला

तर्काने मागता येईल, पण शहाणपणाचं नाही. जास्त मागितलंत तर कंपनी 40,000 ची मिळकत वजा करायला सांगेल, आणि बेंचचं लक्ष तारखेवरून हिशोबाकडे जाईल. सध्या खालच्या कोर्टाने ती मिळकत वजा केलेली नाही आणि कंपनीने उलट हरकत घेतलेली नाही. आपण होऊन तो विषय उकरू नका. बेंचने विचारलंच तर लपवू नका. मार्चपासून 16 एप्रिलपर्यंत दीड महिना, 60,000 रुपये. तेवढे गेले तरी 7,80,000 राहतात, असं सांगा.

उलटतपासणी

उलट हरकत नसली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41, नियम 33 खाली अपील न्यायालयाला योग्य तो हुकूम करता येतो, हे उत्तरवादी नक्की म्हणेल. सहकाऱ्याला ते वाचायला सांगा.

तिसरंवर्ष

सहकाऱ्याला दिलं. नवा मसुदा वाचला, एक मिनिट पन्नास सेकंद. सर म्हणतात गीसचं नाव सुरुवातीतच घ्या, भारदस्त वाटतं.

जुनाखटला

नका घेऊ. कलम 39 आणि त्याखालचं उदाहरण हा आपला स्वतःचा कायदा आहे. परदेशी निवाडा आधी आणलात की 'हा आम्हाला बंधनकारक आहे का?' हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येईल आणि उत्तर 'नाही' असं द्यावं लागेल.

उलटतपासणी

आणि 1 मार्चचा सराव करा. तुमच्या जागी मी असते तर सहकाऱ्याला तो प्रश्न दहा वेगवेगळ्या प्रकारे विचारायला लावला असता.